नंदी मागे का आहे? कला-इतिहासासाठी लिहिलेल्या एका एसओपीचं प्रकरण

माझी भाची वसमतची. नांदेडच्या कॉलेजातून इतिहास घेऊन ती बी.ए. झाली आणि गेल्या दिवाळीत तिनं घरात सांगून टाकलं, की कला-इतिहासात एम.ए. करायला बाहेर अर्ज करायचाय. विद्यापीठं तीन काढली होती, दोन इंग्लंडमधली आणि एक अमेरिकेतलं. तिन्हीकडं गुणपत्रकं, दोन शिक्षकांची शिफारसपत्रं, स्वतः लिहिलेला एक निबंध आणि एसओपी, म्हणजे हाच विषय का आणि इथंच का शिकायचा हे सांगणारं निवेदन, मागितलं होतं. एसओपीला इंग्लंडमधल्या एकाची मर्यादा सातशे शब्दांची, दुसऱ्याची हजारची, तर अमेरिकेतल्याला दोन पानं हवी होती. मी इतिहास शिकवतो आणि बाहेर जाणाऱ्या सात-आठ मुलांच्या एसओपी आजवर वाचल्या आहेत, म्हणून ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडं आली. पुढचे सहा आठवडे आम्ही त्या सातशे शब्दांवर घालवले. त्यात काय बदललं आणि का, ते सविस्तर लिहून ठेवतोय, कारण या विषयासाठी लिहिणारी आपली मुलं बहुतेक त्याच जागी अडतात.

पहिला मसुदा एका कन्सल्टन्सीनं फी घेऊन दिलेल्या नमुन्यावर बेतलेला होता. इंग्रजी गुळगुळीत होतं. त्याचा पहिला परिच्छेद मराठीत सांगायचा तर असा:

«लहानपणापासूनच मला कलेची ओढ आहे. अजिंठा आणि वेरूळच्या कुशीत वाढल्यामुळे भारताचा समृद्ध वारसा माझ्या रक्तातच आहे. हेमाडपंती शैलीतील भव्य मंदिरे पाहताना मी नेहमी मंत्रमुग्ध होते.»

मी तिला एवढंच विचारलं, "वसमतहून अजिंठा किती लांब आहे?"

"मामा, आम्ही सहावीत सहलीला गेलो होतो. एका लेण्यात दहा मिनिटं उभं केलं, आत अंधार होता. मला काहीच दिसलं नाही."

म्हणजे 'कुशीत वाढले' हे खरं नव्हतं. एक तर वसमत अजिंठ्याच्या जवळपाससुद्धा नाही. दुसरं असं की, अर्ज वाचणारी मंडळी याच विषयातली असतात. भारतातून आलेल्या अर्जांत अजिंठा त्यांना पुन्हापुन्हा भेटतो. त्यातल्या एखाद्यानं अजिंठ्याच्या कालनिर्णयावर वर्षानुवर्षं वाद घातलेला असू शकतो, की तिथली नंतरच्या टप्प्यातली बहुतेक लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात वीसेक वर्षांत झाली हे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांचं म्हणणं कितपत मान्य करायचं. अशा माणसापुढं 'समृद्ध वारसा' लिहिलं की त्याला कळतं, हिनं लेणं पाहिलेलं नाही.

मसुदा तपासायला मी एक साधी पद्धत वापरतो. प्रत्येक वाक्यातून गावाचं आणि वास्तूचं नाव खोडायचं आणि पाहायचं, की उरलेलं वाक्य ओडिशाच्या किंवा हंपीच्या मुलीला जसंच्या तसं वापरता येतं का. येत असेल तर ते वाक्य काढायचं. तिच्या साडेसहाशे शब्दांतली चारच वाक्यं टिकली. त्यातलं एक अगदी शेवटी होतं: 'याशिवाय मला मोडी लिपी वाचता येते.' त्यावर पुढं येतो.

'हेमाडपंती' या शब्दापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. आपल्याकडं चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेलं कुठलंही जुनं देऊळ हेमाडपंती. पण हा शब्द ज्याच्या नावावर आहे तो हेमाद्री, देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथच्या शिवमंदिरावरचा लेख शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा आहे. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीच्या देवळालाही आपण त्याचंच नाव देतो. अभ्यासक अंबरनाथ किंवा सिन्नरच्या गोंदेश्वराच्या शिखराला भूमिज म्हणतात: चारी बाजूंना मधोमध वर चढत जाणारे पट्टे आणि त्यांच्या मधल्या जागेत एकावर एक रचलेली छोट्या शिखरांची ओळ. हे नाव रचनेवरून पडलेलं आहे, माणसावरून नाही. 'हेमाडपंती' लिहायला मनाई नाही, पण ते लोकांचं नाव आहे हे आपल्याला माहीत आहे, असं त्या वाक्यातून दिसलं पाहिजे. नाहीतर वाचणाऱ्याचा समज होतो, की हिला गाईडनं सांगितलं तेवढंच ठाऊक.

मग मी विचारलं, "तू खरोखर पुन्हापुन्हा पाहिलेलं देऊळ कुठलं?"

तिनं क्षणाचाही विचार केला नाही. "औंढा. आजीबरोबर दर महाशिवरात्रीला."

आजी, म्हणजे माझी आई, तिथंच शेंगा सोलत बसली होती. तिनं लगेच विचारलं, "औंढ्याचं काय लिहायलीस गं? नामदेवासाठी देऊळ फिरलं ते लिही की."

ही गोष्ट आमच्याकडं सगळ्यांना पाठ आहे. नामदेव नागनाथापुढं कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना मागं जायला सांगितलं, ते मागं जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं. म्हणून औंढ्याला नंदी देवळाच्या मागे आहे. नामदेवांना विसोबा खेचर गुरू भेटले तेही औंढ्यालाच, आणि नरसी नामदेव तर आमच्या हिंगोली जिल्ह्यातलंच गाव.

तिनं दुसऱ्या मसुद्यात ही गोष्ट सुरुवातीलाच घातली. मसुदा आधीपेक्षा जिवंत झाला, पण कला-इतिहासाचा झाला नाही. गोष्ट ऐकून मन भरून येतं, मात्र इमारतीकडं पाहिल्याचा पुरावा त्यात कुठंच नव्हता. तेव्हा मी तिला औंढ्याला पाठवलं. सोबत वही, पेन्सिल आणि एकच अट. दर्शन घेऊन झाल्यावर भिंतीसमोर तासभर उभं राहायचं, दिसेल तेवढंच मराठीत लिहायचं आणि 'सुंदर', 'भव्य', 'अप्रतिम' हे तीन शब्द वापरायचे नाहीत.

मराठीत लिहायची अट मुद्दाम घातली. इंग्रजीत लिहायला बसली की तिच्या हातून वाचलेली वाक्यं उतरत. मराठीत जोतं, थर, कोपरा, गिलावा, सांधा हे शब्द तिचे स्वतःचे होते. तिचे वडील बांधकामावर मिस्त्री आहेत. दगड कुठं संपतो आणि चुना कुठं सुरू होतो हे तिला लहानपणापासून दिसतं, फक्त ती त्याला अभ्यास म्हणत नव्हती.

ती वहीची साडेतीन पानं भरून परतली. त्यातली माझ्या मते सगळ्यांत मोलाची ओळ ही: 'खालून वर बघत गेलं की एका उंचीवर काळा दगड संपतो आणि पांढरं बांधकाम सुरू होतं. आज पहिल्यांदा दिसलं.' औंढ्याच्या देवळाचा खालचा भाग घडीव दगडाचा, कोपऱ्याकोपऱ्यांनी ताऱ्यासारखा फिरत गेलेला, आडव्या थरांचा आणि मूर्तींनी भरलेला आहे. तो यादवकाळातला मानतात. वरचं शिखर नंतरच्या काळात पुन्हा बांधलेलं, गिलाव्याचं आहे. दरवर्षी हजारो लोक हे पाहतात, पण डोळ्यांत भरतो तो नंदी, कारण गोष्ट नंदीची आहे. तिनं वहीत पुढं लिहिलं होतं: 'आम्ही गोष्ट बघतो, देऊळ बघत नाही.'

इथं एसओपीला विषय मिळाला. एकाच इमारतीवर दोन काळांचं बांधकाम आहे आणि त्यावर तिसरा थर गोष्टीचा आहे. गोष्ट माणसांना कुठं पाहायचं ते शिकवते. दुरुस्ती करणाऱ्यांनी खालच्या कोपऱ्यांचं वर काय पाळलं, काय झाकलं आणि त्या काळात ही गोष्ट इथं किती रुजलेली होती, हे प्रश्न विचारता येतात आणि तपासताही येतात.

गोष्टीचा माग काढताना जे सापडलं ते मलाही माहीत नव्हतं. नांदेडला तिच्या मैत्रिणीच्या घरी गुरुद्वाऱ्यात सेवा करणारे एक आजोबा आहेत. त्यांना ही गोष्ट सांगितल्याबरोबर त्यांनी नामदेवांचं पद म्हणून दाखवलं. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची पदं आहेत आणि त्यांतल्या एकात हाच प्रसंग आहे. शिंप्याच्या कुळात जन्मलेल्या नाम्याला भक्ती करताना धरून उठवतात, तो कांबळं घेऊन देवळामागं जाऊन बसतो आणि 'भगत जनां कउ देहुरा फिरै'. या ग्रंथाचं मूळ रूप असलेल्या आदिग्रंथाचं संकलन 1604 साली झालं. म्हणजे देऊळ फिरल्याची गोष्ट त्या वेळी पंजाबपर्यंत पोचलेली होती. पण त्या पदात औंढ्याचं नाव नाही. कुठलंच गाव नाही, नुसतं 'देहुरा'. मग ही गोष्ट औंढ्याच्या नंदीशी कधी जोडली गेली? आणि ती मुळात जातीवरून मागं बसवलेल्या माणसाची गोष्ट आहे, हे देवळाच्या दिशेबद्दल बोलताना आपण का गाळतो? त्या रात्री भाचीनं फोनवर मला हे पद दोनदा वाचून दाखवलं. माझ्या आईनं फोन हातात घेऊन तिसऱ्यांदा ऐकलं.

आता मोह असा झाला, की हे सगळं सातशे शब्दांत कोंबायचं. तिसरा मसुदा अकराशे शब्दांचा झाला आणि त्यात एक वाक्य आलं: 'नंदीची गोष्ट नंतर जोडलेली आहे हे मी सिद्ध करणार आहे.' ते मी खोडायला लावलं. बी.ए. झालेल्या मुलीनं उत्तर घेऊन जायचं नसतं. उत्तर आधीच ठरवून आलेल्या विद्यार्थ्याला वाचणारा घाबरतो, कारण पुरावा उलटा निघाला तर त्याचं काय करायचं हा प्रश्न असतो. 'सिद्ध करणार' ऐवजी 'तपासायचं आहे' लिहिलं, आणि कशाच्या आधारानं तपासायचं ते पुढं सांगितलं. शेवटी सुरुवात अशी ठरली:

«औंढा नागनाथच्या मंदिराची भिंत खालून वर पाहत गेलं की एका उंचीवर घडीव दगड संपतो आणि गिलाव्याचं पांढरं शिखर सुरू होतं. मी लहानपणापासून दरवर्षी इथं येते, पण हा सांधा मला गेल्या नोव्हेंबरात पहिल्यांदा दिसला. तोवर मी इतरांसारखीच मागच्या नंदीकडं पाहत होते, कारण संत नामदेवांसाठी हे मंदिर फिरलं अशी गोष्ट मला आजीनं सांगितली होती. एखादी इमारत पुन्हा बांधली जाते तेव्हा तिच्याकडं पाहण्याची रीतही पुन्हा घडते का, हा माझा प्रश्न आहे.»

यात 'कलेची ओढ' हे शब्द नाहीत आणि ते कुणाला आठवणारही नाहीत. तिनं काय पाहिलं, कधी पाहिलं, आधी का दिसलं नव्हतं आणि आता काय विचारायचंय, हे चार वाक्यांत आलं. माझ्या अनुभवात पहिल्या परिच्छेदाकडून एवढीच अपेक्षा असते.

यानंतर तयारीचा परिच्छेद, आणि तिथं मोडी शेवटच्या ओळीतून वर आणली. देवस्थानांचे जुने कागद, जमाखर्च, इनामाची पत्रं मोडीत असतात. दुरुस्तीला चुना किती लागला आणि गवंड्यांना काय दिलं, अशा नोंदी कुठं राहिल्या असतील तर त्या याच लिपीत असण्याचा संभव मोठा. परदेशात मराठी मंदिरावर काम करू पाहणाऱ्या किती विद्यार्थ्यांना मोडी वाचता येत असेल? आपल्या मुलांना वाटतं की ही गावाकडची गोष्ट आहे, ती कशाला सांगायची. या विषयात भाषा आणि लिपी म्हणजे हत्यारं. ती कोणती आहेत आणि कोणती नाहीत, दोन्ही लिहायचं. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं सरकारी कागद फारसी आणि उर्दूत सापडणार, आणि तिला फारसी येत नाही. तिनं ते सरळ लिहिलं आणि निवडलेल्या अभ्यासक्रमाबरोबर फारसीचे वर्ग घेता येतात हे शोधून पुढच्या वाक्यात जोडलं. उणीव अशी लिहिली की तीच 'हेच विद्यापीठ का' याचं अर्धं उत्तर होते.

उरलेलं अर्धं उत्तर मिळायला वेळ लागला. 'आपली संस्था जगप्रसिद्ध आहे' हे वाक्य त्या संस्थेला पाठ असतं. मराठवाड्यातल्या देवळाचा अभ्यास लंडनला का, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात येतोच, आणि त्याला प्रामाणिक उत्तर नसेल तर अर्ज तिथंच लंगडा होतो. तिचं उत्तर दोन भागांचं झालं. पहिला भाग असा, की ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद आणि एकोणिसाव्या शतकात काढलेली भारतातल्या वास्तूंची छायाचित्रं आहेत. औंढ्याचं एखादं जुनं छायाचित्र मिळालं तर रंगरंगोटी आणि नंतरच्या डागडुजीआधी सांधा कसा दिसत होता ते ताडून पाहता येईल. 'मिळालं तर' हे तिनं तसंच ठेवलं. दुसरा भाग असा, की पुन्हा बांधलेल्या आणि दुरुस्त केलेल्या इमारती कशा वाचायच्या यावर लंडनच्या त्या विद्यापीठात एक स्वतंत्र पेपर आहे. त्यात युरोपातल्या चर्चची उदाहरणं असतात, आणि तिला ती पद्धत देवळावर लावून पाहायची आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठासाठी हा परिच्छेद पूर्ण नवा लिहिला. एकाच परिच्छेदात विद्यापीठाचं नाव बदलून तीनदा पाठवलेला अर्ज ओळखू येतो. कधीकधी तर जुनं नाव तसंच राहून जातं.

दुसऱ्या वर्षाला तिचे गुण घसरलेले होते. वडील पडले, पाय मोडला, ती चार महिने वसमतला होती. यावर पहिल्या मसुद्यात अख्खा परिच्छेद होता आणि तो वाचताना डोळे भरत. शेवटच्या मसुद्यात एक वाक्य राहिलं: कारण, कालावधी आणि तिसऱ्या वर्षाचे गुण. तेवढं पुरतं.

निबंधाचा पेच मात्र राहिला. तिच्याकडं औंढ्यावर लिहिलेलं काही नव्हतं. प्रकल्प होता तो आजोळच्या गावातल्या बारवेवर. नवीन निबंध घाईनं लिहिण्यापेक्षा बारवेचाच पाठवायचं ठरवलं, कारण त्यात तिनं स्वतः टेपनं मोजून काढलेला नकाशा होता आणि बारवेच्या वरच्या पायऱ्या नंतर बदललेल्या आहेत हे तिनं दगडाच्या घडणीवरून दाखवलं होतं. एसओपीत एक जोडवाक्य घातलं, की बारवेत जे पायऱ्यांबाबत दिसलं तेच औंढ्याला मोठ्या मापानं विचारायचं आहे. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना तोच नकाशा पुन्हा नेऊन दाखवला, म्हणजे त्यांचं पत्र 'हुशार व मेहनती' यावर थांबणार नाही.

पाठवायच्या आधीच्या शनिवारी ती अचानक एसटीनं औंढ्याला गेली. मला संध्याकाळी फोन आला. "मामा, मी लिहिलंय की सांधा सगळ्या बाजूंनी स्पष्ट दिसतो. पण मी एका बाजूला त्या दिवशी नीट थांबलेच नव्हते, गर्दी होती." तिनं परत प्रदक्षिणा करून पाहिलं आणि 'सगळ्या बाजूंनी स्पष्ट' हे शब्द काढले. वाक्य थोडं फिकं झालं, पण आता ते तिला कुणीही विचारलं तरी सांगता येणार होतं.

पैशांबद्दल एसओपीत लिहायचं नसतं, पण विषय निवडताना ते डोळ्यांआड करता येत नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. 2022 साली तिच्या नियमांत बदल झाला आणि भारतीय संस्कृती, वारसा आणि इतिहासाशी संबंधित विषय त्यातून वगळले गेले. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांना देवळामागं बसवलं, त्यांच्या मुलीला त्या देवळाचा इतिहास बाहेर जाऊन शिकायला ही वाट बंद झाली. मला हे फार लागलं. भाचीची एक वर्गमैत्रीण या शिष्यवृत्तीत बसत होती. तिनं विषयच बदलला. ज्यांना या योजनेतून जायचंय त्यांनी एसओपीचा पहिला शब्द लिहिण्याआधी त्या वर्षीचे नियम वाचून घ्यावेत, नाहीतर सहा आठवड्यांची मेहनत भलत्याच विषयावर होते. भाचीसाठी बँकेचं कर्ज आणि विद्यापीठाची फीसवलत हाच मार्ग होता.

मार्चमध्ये अमेरिकेतून नकार आला. इंग्लंडमधल्या एकाकडून प्रवेशाचं पत्र आलं, सोबत फीमध्ये काही सूट. दुसऱ्याचं उत्तर अजून यायचंय. सध्या वसमतला निवृत्त झालेले उर्दूचे एक सर आहेत, त्यांच्याकडं ती रोज संध्याकाळी अलिफ, बे, पे गिरवायला जाते.